पाच टक्के की नऊ?

अप्रेझलच्या सीझनमध्ये ऑफिसच्या कँटीनमध्ये दोनच विषय चालतात. हाइक किती मिळाली, आणि ‘तुझ्या फंडानं किती दिले?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळेच थोडं फुगवून सांगतात. दुसऱ्याचं मात्र बऱ्याच जणांना खरंच माहीत नसतं.

माझ्या एका मैत्रिणीचंच बघा ना. तिने १ एप्रिल २०२२ ला एका इक्विटी फंडात एक लाख टाकले. मग ३ ऑक्टोबर २०२३ ला पन्नास हजार. आणि १ एप्रिल २०२४ ला घसघशीत बोनस आला, त्यातले अडीच लाख. १ एप्रिल २०२५ ला तिच्या खात्यात चार लाख साठ हजार दिसत होते. तिचा हिशोब सरळ होता : चार लाखांवर साठ हजार म्हणजे १५ टक्के, भागिले तीन वर्षं, म्हणजे वर्षाला ५ टक्के. ‘बँकेची एफडी सातेक टक्के देते, मग हा ताप कशाला? काढूनच टाकते सगळे!’ फॉर्म भरायचाच काय तो बाकी होता.

गणितात चूक नव्हती, गृहीतकात होती. चारही लाख तीन वर्षं राबले, असं ती धरून चालली होती. प्रत्यक्षात तीन वर्षं राबला तो फक्त पहिला एक लाख. पन्नास हजारांना दीड वर्ष मिळालं आणि अडीच लाखांना जेमतेम एक.

मी तिला पेपर नॅपकिनवर एक ढोबळ हिशोब करून दाखवला. रक्कम गुणिले वर्षं. एक लाख तीन वर्षं म्हणजे ३. अर्धा लाख दीड वर्ष म्हणजे पाऊण. अडीच लाख एक वर्ष म्हणजे अडीच. बेरीज सव्वासहा. म्हणजे सव्वासहा लाख रुपये एक वर्ष राबल्यासारखं झालं, आणि त्यावर कमाई साठ हजार. भागाकार केला तर ९.६ टक्के! हे सरळव्याजाने झालं. चक्रवाढ धरून नेमका आकडा हवा असेल, तर एक्सेलमधलं एक्सआयआरआर हे फंक्शन आहे. ते असा एकच वार्षिक दर शोधतं, ज्या दराने प्रत्येक हप्ता आपापल्या तारखेपासून वाढत गेला तर शेवटी बरोबर आजची रक्कम जमते.

एका कॉलममध्ये तारखा, शेजारी रकमा. खिशातून गेलेले पैसे उणे, हातात आलेले अधिक. शेवटच्या ओळीत आजची तारीख आणि आजची किंमत, जणू सगळं आजच विकलं.

```
      A             B
2   01-04-2022   -100000
3   03-10-2023    -50000
4   01-04-2024   -250000
5   01-04-2025    460000

=XIRR(B2:B5,A2:A5)
```

उत्तर आलं ९.१६ टक्के. मैत्रिणीने चहा संपवला आणि फॉर्म घडी करून पर्समध्ये टाकला. मधे कधी पैसे काढले असतील किंवा डिव्हिडंड बँकेत आला असेल, तर त्याचीही त्या-त्या तारखेला अधिकची ओळ घाला. नाहीतर परतावा उगाच कमी दिसेल.

आता नेहमीच्या दोन अडचणी. #NUM! दिसलं, तर बहुतेक वेळा उणे चिन्ह द्यायचं राहिलेलं असतं. सगळ्याच रकमा अधिक असतील तर दर निघणार कसा? #VALUE! दिसलं, तर एखादी तारीख एक्सेलला तारीख वाटतच नाहीये. अशी तारीख सहसा सेलमध्ये डावीकडे चिकटलेली दिसते, खरी तारीख उजवीकडे. ती पुन्हा टाइप करा.

आणि एक सावधगिरी. पैसे टाकून वर्षही झालं नसेल, तर या आकड्याकडे बघूच नका. दहा हजारांचे तीस दिवसांत दहा हजार तीनशे झाले, तर एक्सआयआरआर म्हणेल ४३ टक्के! कारण तो त्या एका महिन्याची चाल वर्षभर तशीच राहील असं धरतो. बाजार असा वागत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे.

शिवाय हा आकडा तुमच्या पैशांचा आहे, फंडाचा नव्हे. त्याच फंडात वेगळ्या तारखांना पैसे टाकणाऱ्या तुमच्या कलीगचा एक्सआयआरआर वेगळाच येणार. म्हणून त्याच्याशी तुलना नको. त्यापेक्षा याच तारखांना याच रकमा एखाद्या साध्या इंडेक्स फंडात गेल्या असत्या तर आज किती झाल्या असत्या, ते जुन्या एनएव्हीवरून काढा आणि शेवटच्या ओळीत तो आकडा टाकून बघा. फंड ठेवायचा की सोडायचा, हे त्या दोन उत्तरांमधल्या फरकावरून ठरवा.