हजारामागे साडेसतरा

जे पुणं दारावरच्या पाटीतून येणाऱ्या-जाणाऱ्याची लाज काढतं, त्याच पुण्यात एका साडीच्या दुकानात मला ही पाटी भेटली: ‘सन्माननीय ग्राहकांस नम्र विनंती. कार्ड पेमेंटवर नियमानुसार सुविधा शुल्क लागू राहील. कृपया सहकार्य करावे.’ तीन वाक्यं, आणि आकडा एकही नाही. कुठला नियम? कुणाची सुविधा? आणि सहकार्य कशात, खिसा कापण्यात?

बरं, ही पाटी होती कुठे? गल्ल्याच्या मागे, लक्ष्मीच्या तसबिरीखाली, अगरबत्तीच्या धुरात. मला ती दिसली तेव्हा भाचीच्या लग्नाची पैठणी फॉल-पिकोला गेलेली होती. बिल १२,४०० रुपयांचं. मशीनवर उमटले १२,६४८. मी विचारलं, हे वरचे २४८ कसले? शेठ कीर्तनकाराच्या समजावणीच्या सुरात म्हणाले, “ताई, ते बँक चार्जेस आहेत. आमच्या हातात काही नाही.” हातात माझं कार्ड होतं, पण ते असो.

आता या कार्डाची गंमत ऐका. ते होतं रुपे डेबिट कार्ड. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट आणि थेट बँक खात्यातून केलेल्या यूपीआयवर बँक दुकानदाराकडून एक पैसाही कापत नाही. तशी तरतूदच आहे. म्हणजे शेठजींचा खर्च शून्य, आणि त्या शून्याची माझ्याकडून झालेली भरपाई २४८ रुपये. शून्याचा शोध भारतात लागला हे शाळेत शिकले होते. त्याचा व्यापारी उपयोग त्या दिवशी कळला.

मी दुसऱ्या कंपनीचं डेबिट कार्ड दिलं असतं तर? दुकानदाराकडून बँक जी टक्केवारी कापते तिला धंद्यात एमडीआर म्हणतात. वीस लाखांच्या वर उलाढाल असलेल्या दुकानाला डेबिट कार्डावर ती फार तर ०.९० टक्के बसते, म्हणजे माझ्या बिलावर १११ रुपये ६० पैसे. पण तेही माझ्याकडून घेता येत नाहीत. डेबिट कार्डाचा एमडीआर ग्राहकाच्या माथी मारला जाणार नाही हे बँकांनी पाहावं, असं रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१७ मध्येच परिपत्रक काढून सांगितलं आहे. पाटीत ‘नियमानुसार’ लिहिलेला नियम तो हाच असावा. फक्त उलटा वाचलेला.

उरलं क्रेडिट कार्ड. इथे मात्र दुकानदाराचं दुखणं खरं आहे, आणि मी ते नाकारत नाही. क्रेडिट कार्डाच्या एमडीआरला रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातलेली नाही. बँकेगणिक, कार्डागणिक दर बदलतो.

हे सगळं मला एवढं पाठ असण्याचं कारण माझे धाकटे दीर. त्यांचं मिक्सर-कुकरचं दुकान आहे. गेल्या महिन्यात फोन आला: “वहिनी, तुम्ही लिहिता-बिहिता. कार्डावर दोन टक्के घ्यायचेत. एक अशी पाटी लिहून द्या की कुणी भांडायला येणार नाही. जरा गोड लिहा.”

गोड! भांडणाचं मूळच तर हे गोड आहे. दोन टक्क्यांसाठी माणूस क्वचित भांडतो. आपल्याला बावळट समजलं याचा राग मात्र त्याला बरोबर येतो. गल्ल्याशी कळलेला जादा आकडा म्हणजे दगा, दारात कळलेला म्हणजे किंमत.

मी म्हटलं, भाऊजी, आधी दोन कागद काढा. पहिला बँकेशी केलेला करार. कार्डवाल्याला रोखीपेक्षा जास्त किंमत लावू नये असं कलम त्यात सहसा असतं. असेल, तर जगातली कुठलीही पाटी तुम्हाला वाचवणार नाही, मग तो खर्च किमतीतच धरा. नसेल, तरी बँकेला मेल करून लेखी होकार घ्या. “मशीन लावायला आलेला पोरगा म्हणाला होता” हा होकार नव्हे.

दुसरा कागद बँकेच्या मासिक हिशेबाचा. त्यात क्रेडिट कार्डासमोर निघाले १.७५ टक्के, आणि त्यावर जीएसटी. तो जीएसटी भाऊजी आपला कर भरताना वजा करून घेतात, म्हणजे खरा भुर्दंड पावणेदोनच टक्क्यांचा. मग दोन कशाला? “राउंड फिगर, वहिनी.” ही राउंड फिगर दर वेळी वरच्याच बाजूला कशी गोल होते, हे गणित मला अजून कुणी समजावलेलं नाही. १२,४०० वर ती ३१ रुपयांनी गोल होते. शुल्क ‘बँकेचं’ आहे असं सांगून त्यातले ३१ स्वतः ठेवले, तर ते बँकेचं राहिलं कुठे?

बँकेचा होकार लेखी आला. (मला वाटलं होतं, बँक नाही म्हणेल आणि विषय इथेच मिटेल.) मग मी पाटी लिहून दिली:

‘लेबलावरची किंमत रोख, यूपीआय आणि सर्व डेबिट कार्डांसाठी. या तिन्हींवर जादा काही नाही. क्रेडिट कार्डाने दिल्यास १.७५ टक्के जादा, म्हणजे हजारामागे साडेसतरा रुपये. बँकेपायी आम्हाला पडणारा खर्च एवढाच. ही रक्कम बिलात वेगळ्या ओळीत दिसेल. माल परत घेतला तर तीही परत.’

‘सन्माननीय’ नाही, ‘कृपया’ नाही. ‘हजारामागे साडेसतरा’ मुद्दाम, कारण टक्क्यांचा हिशेब उभ्या उभ्या कुणी करत नाही, रुपयांचा सगळे करतात. बिलातल्या ओळीवर मी अडून बसले. जादा घेतलेली रक्कम विक्रीच्या किमतीचाच भाग असते, ती बिलाबाहेर ठेवली की पुढे कराचा घोळ. शिवाय मशीनच्या चिठ्ठीवर १२,६४८ आणि बिलावर १२,४०० असे दोन कागद ज्याच्या हाती पडतात, त्याला तक्रारीसाठी तिसऱ्या पुराव्याची गरज काय? आणि परतीचं वाक्य नसेल, तर बिघडलेला मिक्सर परत करणारा गिऱ्हाईक साडेसतरा रुपयांसाठी गल्ल्यावर अर्धा तास उभा राहील. वर त्याचंच बरोबर असेल.

पाटी दारात लावायची, तीच ओळ लेबलांच्या शेल्फवर, आणि कार्ड हातात घेण्याआधी पोऱ्याने तोंडाने विचारायचं, “क्रेडिट की डेबिट?” बस.

भाऊजींनी पाटी दोनदा वाचली. चेहरा पडला. म्हणाले, “वहिनी, एवढं स्पष्ट लिहिलं तर सगळे यूपीआयनेच देतील की!”

“मग तुमचा खर्च?”

“शून्य.”

“मग?”

बराच वेळ फोनवर नुसता मिक्सरचा आवाज येत होता. कुणीतरी गिऱ्हाईक चालवून बघत असणार.