होळीनंतरची पेटी : काय ठेवलं, काय द्यायचं, काय दुरुस्तीला

मुंबईत राहणाऱ्या नातेवाइकांना बनारसची ही भानगड समजत नाही. तिथे एक स्वेटर कपाटात वर्षभर लटकला तरी चालतं. इथे डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात रजईशिवाय झोप नाही आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो. म्हणजे वर्षातून दोनदा घरातले अर्धे कपडे पेटीत जातात आणि अर्धे बाहेर येतात. गरम कपडे होळीनंतर आत, दिवाळीनंतर बाहेर.

आपण यादी करतो ती बहुतेक बाहेर काढताना, नोव्हेंबरात. खरं तर ती आत ठेवतानाच करायला हवी. कोणता स्वेटर यंदा एकदाही अंगाला लागला नाही, कुणाच्या जॅकेटची चेन जानेवारीपासून अडकते आहे, मुलाच्या बाह्या कुठवर आखूड झाल्या, हे मार्चमध्ये सगळ्यांना आठवत असतं. आठ महिन्यांनी त्यातलं काहीच आठवत नाही.

एक साधी वही घ्या. प्रत्येक कपड्यापुढे चार गोष्टी लिहा: कुणाचा, कशाचा (लोकर, रेशीम, सुती की अॅक्रिलिक), कुठल्या पेटीत आणि काय करायचं. शेवटच्या रकान्यात तीनच अक्षरं: 'ठे' म्हणजे ठेवायचं, 'दे' म्हणजे द्यायचं, 'दु' म्हणजे दुरुस्ती. पेट्यांना नंबर द्या आणि झाकण लावण्याआधी फोनवर एक फोटो काढा.

चौघांच्या घराचा हिशोब करून पाहू. रजया ४, स्वेटर ११, शाली ५, कोट-जॅकेटं ३, आतून घालायचे गरम जोड ६, मफलर-कानटोप्या १०. एकूण ३९ नग. त्यांतले ८ कुणी घातलेच नाहीत किंवा लहान झाले, ते 'दे'. दोन जॅकेटांच्या चेन, तीन स्वेटरांची उसवलेली शिलाई, एका शालीला भोकं आणि एक गोळे झालेली रजई, हे ७ 'दु'. राहिले २४, तेवढेच 'ठे'. म्हणजे पेटीत जायचा ढीग बराच कमी झाला.

आता कापडाचा रकाना का, ते सांगते. कसर लागते ती लोकरीला आणि रेशमाला. कपडा खाते ती त्या पतंगाची अळी, आणि तिला घामाचे, अन्नाचे डाग असलेला कपडा जास्त आवडतो. बाजारातले बरेच स्वस्त स्वेटर अॅक्रिलिकचे असतात, ती त्यांच्या वाटेला सहसा जात नाही. ओळखायचं असेल तर आतल्या शिवणीतला एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख चुरगळली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर अॅक्रिलिक. अॅक्रिलिक नुसतं धुऊन ठेवलं तरी पुरे. जास्तीची काळजी लोकर आणि रेशमाच्या थोड्याच नगांना लागते.

कसर आधीच लागली आहे का, हे कॉलरखाली, काखेत आणि घडीच्या आत बघा. वेडीवाकडी भोकं, वाळूसारखे बारीक कण किंवा धाग्यांनी विणलेली इवलीशी नळी दिसली तर तो कपडा इतरांबरोबर ठेवू नका. उन्हात झटकून ब्रश मारा. मग शक्य असेल तर घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा.

डांबराच्या गोळ्या आपल्याकडे सर्रास टाकतात. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून गोळ्या तळाशी न टाकता मलमलच्या पुरचुंडीत बांधून सगळ्यात वर ठेवायच्या आणि झाकण घट्ट हवं. पण तान्ह्या बाळाच्या कपड्यांत, दुपट्यांत आणि पांघरुणांत त्या अजिबात नकोत. काही मुलांच्या शरीरात जी-६-पी-डी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं आणि ते घरच्यांना ठाऊकही नसतं. अशा बाळाला या वासाच्या कपड्यांत गुंडाळलं तर तांबड्या रक्तपेशी फुटतात, कावीळ वाढते, आणि ते जिवावरही बेतू शकतं. त्यामुळे वहीत गोळ्या घातलेल्या पेटीसमोर तशी खूण करा. थोरल्याच्या वेळचं जपून ठेवलेलं झबलं धाकट्यासाठी काढताना ही एक ओळ कामाला येते.

बनारसी शालूंची पेटी वेगळी. जरीजवळ डांबराच्या गोळ्या नकोत आणि प्लास्टिकची पिशवीही नको, कारण आत दमट हवा कोंडून जर काळी पडते. जुन्या मऊ धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळा आणि तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर त्याच रेषेवर रेशीम चिरतं. घडी बदलली ती तारीखही वहीत लिहा.

'दु' या अक्षरापुढे मात्र महिना लिहायलाच हवा, नाहीतर ते कपडे गुपचूप 'ठे' होऊन बसतात. चेन आणि शिलाईचं काम मार्चमध्येच शिंप्याकडे द्या. थंडीच्या तोंडावर त्याच्याकडे गर्दी असते. शालही आत्ताच द्या. चांगला रफूगर त्याच शालीच्या कडेचा किंवा आतल्या बाजूचा धागा काढून भोक भरतो, त्याला वेळ लागतो. भोक पैशाएवढं असताना दिलं तर खूण दिसत नाही, हाताएवढं झालं की ठिगळच. रजई मात्र ऑक्टोबरची. कापूस आत्ता पिंजून घेतला तर उन्हाळा-पावसाळ्यात दबून पुन्हा गोळे होणार. आपल्याकडे ज्याला पिंजारी म्हणतात त्याला इथे धुनिया म्हणतात. दिवाळीआधी तो गल्लीत हाक देत आला की रजई तयार हवी. तोवर ती सगळ्यात वर ठेवा, तिच्यावर वजन नको.

'दे' मध्येही महिन्याचाच प्रश्न आहे. पुण्या-मुंबईकडे बोहारणीला कधीही दिलं तरी भांडं मिळतं. पण रिक्षावाल्याला किंवा रात्रीच्या पहारेकऱ्याला मार्चमध्ये स्वेटर दिला तर तो ठेवणार कुठे? ज्याच्याकडे पेटीच नाही, त्याच्यासाठी तो कपडा आठ महिने ओझं होतो, आणि थंडी येईपर्यंत बहुधा त्याच्याजवळ राहतही नाही. म्हणून धुऊन, बटणं लावून वेगळं गाठोडं बांधा आणि त्यावर 'नोव्हेंबर' लिहा. दिवाळीनंतर पहिली थंड रात्र पडली की तुमची पेटी उघडण्याआधी ते गाठोडं बाहेर जाऊ द्या. दिल्लीत १९९९ साली अंशू गुप्ता यांनी सुरू केलेल्या 'गूंज'सारख्या संस्थेला पाठवायचं असेल तर आधी विचारून घ्या. फाटकं, डागाळलेलं त्यात घालू नका. ते घरात पुसायला ठेवा.

आणि पेटी कुठे आहे, हा रकाना गंगेसाठी. ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी चढलं की वरुणेच्या काठच्या वस्त्या आणि सामने घाटाकडच्या घरांत तळमजल्यावर पाणी येतं. घाटाजवळच्या जुन्या घरांत पूर नसला तरी भिंती ओल धरतात. तळमजल्यावरची पेटी विटांवर उचलून, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. पाणी वाढू लागलं तर कुठली पेटी आधी वर न्यायची, ते वहीवरून लगेच कळतं. पाऊस ओसरला की एका कोरड्या दुपारी सगळ्या पेट्या उघडा, कपडे उन्हात टाका आणि सावलीत गार होऊ देऊन मगच परत भरा. त्याच दुपारी रजई बाहेर राहू द्या, धुनिया येईलच.