रेफरल म्हणजे वशिला नव्हे, आणि भीकही नव्हे

आमच्या धुळे-जळगावकडे 'ओळख लावणे' हे शब्द दोन सुरांत उच्चारले जातात. शेजारच्या पोराला नोकरी लागली की 'त्याने ओळख लावली भो' असं नाक मुरडून. आणि आपल्या पोराची वेळ आली की 'कुणाची ओळख निघते का बघा' असं आर्जवाने. हे दोन्ही सूर ऐकत मोठा झालेला मुलगा इंजिनिअर होतो. पुण्यातल्या एका कंपनीत त्याला हवी तशी जागा निघते. तिथे कॉलेजातला चार वर्षं पुढचा, कधीतरी एकदा बोललेला सिनियर असतो. मग मुलगा एक तर लाजेने मेसेजच करत नाही, किंवा केलाच तर असा करतो: 'हाय सर, प्लीज रेफर मी.'

माझ्या मते ही लाज आणि हा मेसेज एकाच चुकीच्या समजुतीतून येतात. समजूत अशी, की समोरच्याच्या हातात नोकरी आहे आणि ती त्याने द्यायची आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्या हातात नोकरी नाही, फक्त एक फॉर्म आहे.

कंपन्यांनुसार फॉर्म थोडाफार बदलतो, पण ढाचा तोच असतो. कंपनीच्या अंतर्गत पोर्टलवर जायचं, जागेचा जॉब आयडी शोधायचा, उमेदवाराचं नाव, ईमेल, फोन भरायचा, रेझ्युमेची पीडीएफ जोडायची. मग येतात खरे प्रश्न: तुम्ही या व्यक्तीला कसं ओळखता? सोबत काम केलंय का? या जागेसाठी ती योग्य का वाटते? सबमिट केलं की अर्ज रिक्रूटरच्या यादीत 'रेफरल' अशी खूण लावून जातो. तो उघडून पाहिला जाण्याची शक्यता त्यामुळे वाढते, बस्स. पुढची कोडिंग टेस्ट आणि मुलाखतीच्या फेऱ्या उमेदवारानेच द्यायच्या असतात. वशिल्यात निकाल फिरतो. इथे फार तर रांगेतली जागा पुढे सरकते.

आता 'प्लीज रेफर मी' हा मेसेज त्या फॉर्मशेजारी ठेवून बघा. एकाही रकान्याचं उत्तर त्यात नाही. कोणती जागा, हे मी शोधायचं. अनुभव किती, हे मी विचारायचं. रेझ्युमे मी मागायचा. रात्री नऊला घरी पोचलेला माणूस 'बघतो' म्हणतो आणि विसरतो. तुम्हाला तो माज वाटतो. बहुतेकदा तो आळस असतो, आणि त्या आळसाला वाव तुमच्या मेसेजने दिलेला असतो.

गेल्या वर्षी मला आलेला एक मेसेज इथे आठवणीतून देतो. पाठवणारी जळगावच्या कॉलेजातून पास झालेली, नाशिकच्या एका छोट्या कंपनीत दोन वर्षं काम केलेली.

'नमस्कार दादा. धुळ्याच्या प्रोजेक्ट स्पर्धेत तुम्ही परीक्षक होतात, तिथे आपली एकदा भेट झाली होती. तुमच्या कंपनीत बॅकएंडची जागा निघाली आहे, जॉब आयडी आणि लिंक खाली देते. त्यांना जावा, स्प्रिंग बूट आणि दोन ते चार वर्षांचा अनुभव हवा आहे. मी दोन वर्षं याच गोष्टींवर पेमेंटचे हिशेब जुळवणारी सर्व्हिस सांभाळते. रेझ्युमे जोडला आहे, त्यावरचाच ईमेल फॉर्ममध्ये चालेल. मी अजून थेट अर्ज केलेला नाही. आपण सोबत काम केलेलं नाही, तेव्हा फॉर्ममध्ये तसंच लिहा. जमणार नसेल तर निःसंकोच सांगा, मी शुक्रवारी थेट अर्ज करेन.'

मला ती स्पर्धा आठवली, ती मुलगी धूसर आठवली. पण काम पाच मिनिटांत झालं, कारण मला काही शोधावंच लागलं नाही. 'कसं ओळखता' या रकान्यात मी लिहिलं: एकदा भेट, सोबत काम नाही. 'योग्य का' या रकान्यात तिचं पेमेंटचं वाक्य गेलं. एक शब्द खोटा लिहावा लागला नाही. तिला रिक्रूटरचा फोन आला. पुढचं तिचं तिने बघितलं.

त्या मेसेजमधलं 'अजून अर्ज केलेला नाही' हे वाक्य साधं दिसतं, पण तिथेच अनेकांचं घोडं अडतं. बऱ्याच कंपन्यांत उमेदवाराचा अर्ज आधीच आलेला असेल तर त्या जागेसाठी रेफरल घेतलंच जात नाही. म्हणून आधी विचारायचं, मग अर्ज. रेफरल झालं की अनेकदा उमेदवाराला ईमेलने लिंक येते आणि तिथूनच अर्ज पुरा करायचा असतो. कुणी घाईत वेगळ्या ईमेलने अर्ज केला तर दोन नोंदी होतात आणि रेफरलची खूण भलत्याच नोंदीवर राहते. लिंक आलीच नाही, तर काहीतरी चुकलंय असं समजून लगेच विचारावं. आणि शुक्रवारची मुदत? तिच्यामुळे मला नकार देणं सोपं झालं आणि तिचं माझ्यावाचून अडणार नव्हतं. उत्तर नाही आलं तर चार-पाच दिवसांनी एकदा आठवण करावी. तिसरा मेसेज करू नये.

पण इतक्या लांबच्या ओळखीला विचारायचंच कशाला? जवळचे मित्र आहेत की. याचं उत्तर अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली दिलं. बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये त्यांनी नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं, की ज्या ओळखीतून नोकरी मिळाली ती व्यक्ती तुम्हाला किती वेळा भेटायची. नेहमी भेटणारी, असं सांगणारे जेमतेम सहावा हिस्सा निघाले. बाकीच्यांच्या ओळखी अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या होत्या. कारण उघड आहे. तुमच्या खास मित्रांना तेच माहीत असतं जे तुम्हाला माहीत असतं; तेही त्याच जळगावात बसून त्याच जागा धुंडाळत असतात. 2022 साली 'सायन्स'मध्ये आलेल्या, लिंक्डइनच्या सुमारे 2 कोटी लोकांवरच्या अभ्यासाने याला पुस्ती जोडली: दूरची ओळख जवळच्या ओळखीपेक्षा उपयोगी, पण अगदीच नावापुरती झाली की उपयोग पुन्हा घटतो. म्हणजे स्पर्धेत भेटलेला परीक्षक चालेल. पण दिसेल त्या दीडशे अनोळखी लोकांना तोच मजकूर चिकटवणं हा निव्वळ टाइमपास आहे.

'मेरिट असेल तर ओळख कशाला?' असं म्हणणाऱ्या काकांना मला एवढंच सांगायचंय. ही व्यवस्था न्याय्य आहे असं माझं म्हणणं नाही. पुण्यातल्या नामांकित कॉलेजच्या पोराला या गोष्टी होस्टेलच्या मेसमध्ये जेवता जेवता कळतात, आणि तो त्याला ओळख लावणं म्हणतही नाही. शिरपूरच्या किंवा बांभोरीच्या पोराने तत्त्व म्हणून गप्प बसायचं ठरवलं, तर व्यवस्था तसूभरही बदलत नाही. फक्त त्याचा रेझ्युमे ढिगाच्या तळाशी राहतो.

आणि खान्देशातून येऊन पुण्यात स्थिरावलेल्या माझ्या भावाबहिणींनो, रेफर केलेला माणूस रुजू होऊन ठरावीक महिने टिकला, की बहुतेक कंपन्या आपल्याला बोनस देतात. तेव्हा उपकार केल्याचा आव नको. ज्याने जॉब आयडीसकट नीट लिहिलंय त्याला 'हो' किंवा 'नाही' यांपैकी एक शब्द त्याच आठवड्यात कळवा. त्याचा अर्ज तुमच्या उत्तरासाठी थांबलेला असतो.