बोहारणीकडून घेतलेली बहीण

'तुला ना, बोहारणीकडून घेतलंय.' तुम्ही धाकटे असाल तर हे वाक्य ऐकलं असेल आणि थोरले असाल तर हमखास ऐकवलं असेल. माझ्या दादाच्या व्हर्जनमध्ये त्या दिवशी बोहारणीकडची पातेली संपली होती, म्हणून आईने दोन जुन्या साड्यांवर मला घेतलं! सहाव्या वर्षी मी यावर भोकाड पसरायचे. आठव्या वर्षी उत्तर सुचलं, 'मला निदान निवडून तरी आणलं, तू आपोआप गळ्यात पडलास.' तेव्हापासून आमचा तो खेळच झाला.

भावंडं असं का बोलतात? एक तर नेम धरायला त्यांच्याइतकी माहिती कुणाकडेच नसते. ज्युडी डन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी लहान मुलांच्या घरी बसून निरीक्षणं केली. दोन वर्षांचीही न झालेली पोरं भावंडाचं नेमकं लाडकं खेळणं पळवतात, असं त्यांना दिसलं. समोरचा कशाने चिडेल हे कळणं ही तशी मोठीच अक्कल आहे. दुसरं म्हणजे मित्राला वाट्टेल ते बोललात तर तो कट्टी करून निघून जाईल. भाऊ जाऊन जाऊन जाणार कुठे? रात्री त्याच खोलीत झोपायला येणार!

मग आईबाबांनी मध्ये कधी पडायचं? माझ्या मते शब्द किती वाईट आहे यावर ते ठरत नाही. समोरच्याला उलट टोला देता येतोय का आणि 'बास' म्हटल्यावर थांबतंय का, एवढंच बघावं.

माझ्या ताईकडचीच गोष्ट घ्या. भाचा तेरा वर्षांचा, भाची दहाची. एका लग्नात कुणीतरी मावशी भाचीला 'बाळसं धरलंय गं' म्हणाली आणि भाच्याला 'ढोली' हा शब्द मिळाला. (अशा शब्दांचे मूळ सप्लायर बऱ्याचदा आपण मोठेच असतो.) सुरुवातीला भाची 'चष्मिश' म्हणून परतफेड करायची. मग तिचं उत्तर बंद झालं. डबा अर्धा परत यायला लागला, मे महिन्यात अंगावर जॅकेट आलं, स्विमिंगच्या दिवशी नेमकं पोट दुखायला लागलं. भाऊ आता बिल्डिंगमधल्या पोरांसमोरही तिला तशी हाक मारत होता. चिडवणं आणि छळणं यातली रेषा इथे ओलांडली गेली होती.

'भावंडांचं चालायचंच' म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती. ब्रिस्टल परिसरातल्या हजारो मुलांच्या दीर्घ अभ्यासावर 2014 मध्ये एक पेपर आला. बाराव्या वर्षी भावंडांकडून आठवड्यातून अनेकदा छळ झालेल्या मुलांमध्ये अठराव्या वर्षी डिप्रेशनचं प्रमाण सुमारे दुप्पट निघालं. एकामुळेच दुसरं झालं, असं यातून सिद्ध होत नाही. पण दुर्लक्ष करण्याइतकं हे किरकोळही नाही.

ताईने आधी पेटंट डायलॉग मारला, 'तू मोठा आहेस ना, कळत नाही?' त्याचा परिणाम एवढाच, की 'ढोली'च्या जोडीला 'चुगलखोर' आलं. न्यायाधीश झालं की एक जण जिंकतो आणि दुसरा पुढच्या वेळी वचपा काढतो.

मग तिने कॅनडातल्या ज्युली स्मिथ आणि हिल्डी रॉस यांनी 2007 मध्ये मांडलेली पद्धत वापरली. त्यांनी आयांना निवाडा न करता मध्यस्थी करायला शिकवलं होतं. आधी नियम सांगायचे, मध्येच तोडायचं नाही आणि शिव्या नाहीत. मग प्रत्येकाने काय झालं ते सांगायचं. त्यानंतर एकाचं म्हणणं दुसऱ्याने आपल्या शब्दांत परत सांगायचं. शेवटी तोडगा मुलांनीच काढायचा, आईने नाही. खरी गंमत तिसऱ्या पायरीवर झाली. दादा अजूनही लाइट चालू ठेवून झोपतो, हे भाचीने खाली सगळ्यांना सांगून टाकलं होतं. 'तुला वाटलं मी घाबरट ठरलो,' हे तिला स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागलं. आणि 'तुला डबा खायची लाज वाटते,' हे त्याला. ताई म्हणते, ते वाक्य म्हणताना तो खाली बघत होता.

अर्थात, एक जण दुसऱ्याला खरंच घाबरत असेल, मारहाण किंवा धमक्या असतील, तर समोरासमोर बसवून वाटाघाटी करू नयेत. घाबरलेलं पोर तिथे हो ला हो म्हणून मोकळं होतं. तिथे मोठ्यांनी सरळ थांबवायचं आणि दोघांशी वेगवेगळं बोलायचं.

ताईकडे तह असा ठरला, की शरीरावरून काही नाही, मित्रांसमोर काही नाही आणि 'बास' म्हणजे बास. जॅकेट गेलं, पण स्विमिंगला जायला आणखी महिना लागला. परवा गेले तर आतल्या खोलीतून 'माकडा', 'गेंड्या' चालू होतं, दोन्ही बाजूंनी, अगदी जोरात. ताई निवांत भाजी निवडत होती.