नकारानंतरचं दुसरं पत्र

मंद्रूपच्या एका बी.कॉम. मुलीला सोलापुरातल्या एका पेढीने हिशेबाच्या कामासाठी नकार कळवला. कारण दिलं, टॅली येत नाही. पुढे तिने जीएसटीसह टॅलीचा कोर्स केला. आता पुन्हा लिहावं का? जरूर लिहावं, कारण जी उणीव सांगितली तीच प्रमाणपत्राने भरून निघते. नकार अनुभवाअभावी असता, तर या कागदाने फारसं काही हललं नसतं.

नवा ईमेल नको. नकाराच्या ईमेललाच उत्तर द्यावं, म्हणजे जुना अर्ज समोर राहतो. मजकूर एवढा पुरे: "टॅली येत नसल्याने मार्चमध्ये माझा अर्ज नाकारला होता. जूनमध्ये मी जीएसटीसह टॅलीची परीक्षा पास झाले. प्रमाणपत्र जोडलं आहे. खरेदी-विक्रीच्या नोंदी आणि बँकेचा ताळमेळ समोर बसून करून दाखवीन. कृपया फेरविचार व्हावा. जागा भरली असल्यास पुढच्या वेळी कळवावं."

निकाल लागला नसेल, तर 'परीक्षा दिली आहे' एवढंच लिहा. घरच्या अडचणी मात्र लिहू नयेत. त्याने वाचणारा अवघडतो, निर्णय बदलत नाही.

आठवडाभरात उत्तर आलं नाही, तर कामाच्या वेळेत एक फोन करावा. एकच.