न्हालेल्या केसांचा वास

सकाळी शाम्पूने केस धुवावेत आणि संध्याकाळी घरी परतताना डोक्याला पुन्हा तोच खवट किंवा कुबट वास यावा, ही तक्रार पावसाळ्यात अनेकांची असते. पण ती मोकळेपणाने सांगितली जात नाही. कोंडा झाला हे लोक सांगतात, केस गळतात हेही सांगतात. वासाबद्दल बोलायचे म्हणजे ‘मी अस्वच्छ आहे’ अशी कबुली दिल्यासारखे वाटते. मग शाम्पू बदलला जातो, एकाऐवजी दोनदा लावला जातो, लिंबू चोळले जाते, वरून सुगंधी फवारा मारला जातो. वास काही हटत नाही, कारण यातला बहुतेक खटाटोप मळाविरुद्ध चाललेला असतो आणि तिथे दोष मळाचा नसतो.

दोष बहुतेक वेळा एका सूक्ष्म बुरशीचा असतो. प्रत्येक प्रौढ माणसाच्या टाळूवर ती थोड्याफार प्रमाणात असतेच. ती कोणाच्या कंगव्यातून आलेली नसते की अस्वच्छतेतून जन्मलेली नसते. लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७४ मध्ये कोंड्याच्या पापुद्र्यांत तिचे वर्णन केले आणि पुढे त्याच्याच नावावरून तिला मॅलासेझिया म्हणू लागले. या बुरशीची एक मोठी अडचण आहे: स्वतःला लागणारी मेदाम्ले तिला तयार करता येत नाहीत, ती बाहेरून मिळवावी लागतात. प्रयोगशाळेत तिच्या बहुतेक जाती वाढवायच्या तर नेहमीच्या पोषक थरावर चक्क ऑलिव्ह तेल ओतावे लागते. टाळूवर हे काम आपल्या तैलग्रंथी करतात. चेहरा वगळला तर त्या इतक्या दाटीने फार थोड्या ठिकाणी असतात.

तेलकट स्रावातील मेद ही बुरशी विकरांनी फोडते, हवे ते खाते आणि उरलेले तिथेच टाकते. या उरलेल्यांपैकी ओलेइक आम्लासारखी मेदाम्ले काहींच्या त्वचेला सोसत नाहीत. त्यातून खाज येते आणि पापुद्रे सुटतात. काही तुकडे इतके लहान असतात की ते हवेत उडतात आणि नाकाला जाणवतात. अमेरिकेतील संशोधकांनी १९७९ मध्ये ही बुरशी वाढवून पाहिली तेव्हा तिच्यातून लॅक्टोन नावाची, फळासारख्या वासाची संयुगे निघत असल्याचे आढळले. काचेच्या बशीत हा वास गोडसर असेल. डोक्यावर मात्र त्यात बाकीचे बरेच काही मिसळते.

त्या बाकीच्यात घाम येतो, पण लोक समजतात तसा नाही. टाळूवरचा घाम म्हणजे बहुतांशी पाणी आणि मीठ. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. त्वचेवरचे जिवाणू घामातल्या ल्युसिन या अमिनो आम्लापासून आयसोव्हॅलेरिक आम्ल बनवतात. दिवसभर बुटात राहिलेल्या मोज्यांना जो वास येतो, त्यातला मोठा वाटा याच आम्लाचा. म्हणजे घाम ओलावा पुरवतो, तैलग्रंथी खाद्य पुरवतात आणि केसांचे दाट छप्पर दोन्ही धरून ठेवते.

आता धुण्याचे पाहू. साधा शाम्पू तेल काढतो आणि ते काम तो चांगले करतो. पण बुरशी पापुद्र्यांमध्ये आणि केसांच्या मुळांच्या छिद्रांत बसलेली असते आणि तैलग्रंथी तर धुतल्या क्षणापासून पुन्हा कामाला लागतात. शिवाय बहुतेक लोक धुतात ते केस, टाळू नव्हे. लांब केसांवर फेस होतो, तो अर्ध्या मिनिटात वाहून जातो आणि मधल्या भांगापासून मानेपर्यंतची त्वचा जेमतेम ओली होते.

उदाहरणादाखल डोंबिवलीहून रोज सकाळी लोकलने मुंबईला जाणारी पस्तिशीची, कमरेपर्यंत केस असलेली एक स्त्री डोळ्यांसमोर आणू. शनिवारी रात्री मुळांशी कोमट खोबरेल तेल, रविवारी न्हाणे, बुधवारी पहाटे सहाला पुन्हा न्हाणे. पावणेसातला ओल्याच केसांचा अंबाडा घालून ती घराबाहेर पडते. बुधवारी दुपारपर्यंत केसांना कुबट वास येऊ लागतो आणि गुरुवारी तो खवट झालेला असतो. कारण शोधायला तिने तीन ठिकाणांचा वास वेगवेगळा घ्यावा. पहिले, स्वच्छ कोरडा कापूस डोक्याच्या मध्यावर आणि मानेच्या वर घासून. दुसरे, केसांची टोके. तिसरे, उशीचा अभ्रा. कापसाला खवट वास आला, त्यावर पिवळसर तेलकटपणा दिसला आणि कानांमागे किंवा भुवयांत तेलकट पापुद्रे असले, तर कारण टाळूवर आहे. फक्त टोकांना वास असेल, तर तो फोडणीचा, धुराचा किंवा साचलेल्या जेलचा आणि सीरमचा. धुतल्याच दिवशी मानेपाशी कुबट वास येत असेल, तर केस वाळलेलेच नाहीत. आपल्या उदाहरणात पहिले आणि तिसरे कारण एकत्र आहे आणि व्यवहारात बहुधा असेच दिसते.

पहिल्यावरचा उपाय औषधाच्या दुकानात मिळतो: दोन टक्के केटोकोनॅझोल असलेला शाम्पू. बुरशीच्या पेशीचे आवरण ज्या पदार्थाने टिकते, तो पदार्थ बनण्याची क्रिया हे औषध अडवते. आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. केस तेलकट असतील तर आधी साध्या शाम्पूने एकदा धुवावे, नाहीतर औषध तेलाच्या थरावरच राहते. मग दोन लहान चमचे औषधी शाम्पू घेऊन भांग पाडत पाडत, नखांनी नव्हे तर बोटांच्या पेरांनी, टाळूला लावावा आणि घड्याळ लावून पाच मिनिटे थांबावे. ही पाच मिनिटे म्हणजेच उपचार आहे. लावला आणि लगेच धुतला तर महागडी बाटलीसुद्धा साध्या शाम्पूइतकीच उपयोगी. कंडिशनर लावायचा तर फक्त टोकांना.

दुसऱ्या गोष्टीसाठी औषध नाही, वेळ लागतो. न्हाणे पहाटेऐवजी आदल्या संध्याकाळी ठेवावे, टॉवेल दहा मिनिटांत सोडावा आणि मुळे कोरडी झाल्याशिवाय केस बांधू नयेत. पावसाळी हवेत ते होत नसेल तर ड्रायरची कमी गरम हवा हातभर अंतरावरून मुळांवर सोडावी. अभ्रा दर आठवड्याला बदलावा, कंगवा कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून घासावा. दुचाकी चालवणाऱ्यांनी हेल्मेटचे आतले अस्तर निघत असेल तर तेही धुवावे. सुधारणा मोजायची तर वास कधी परततो ते पाहावे: संध्याकाळी येणारा वास दोन-तीन आठवड्यांत तिसऱ्या-चौथ्या दिवसावर गेला, तर उपाय लागू पडतो आहे. चार आठवड्यांनी शाम्पू अजिबात बंद केला की बुरशी हळूहळू पूर्वपदावर येते, कारण ती तिथलीच रहिवासी आहे. म्हणून पुढे एक-दोन आठवड्यांतून एकदा तो वापरत राहावा. सेलेनियम सल्फाइडचा शाम्पू हाही एक पर्याय आहे, पण त्याचा स्वतःचाच एक वास मागे राहतो आणि रंगवलेल्या केसांचा रंग त्याने बदलू शकतो, हे आधीच माहीत असलेले बरे.

राहिला प्रश्न तेलाचा आणि इथे अनेक घरांत वाद होईल. खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, हे प्रयोगांत दिसून आले आहे. आजीचे म्हणणे खोटे नव्हते. पण तो फायदा केसाला आहे. कोंडा आणि वास असलेल्या टाळूवर रात्रभर तेल मुरवणे म्हणजे तेलावर जगणाऱ्या जिवाला पंगतीला बसवणे. उपचाराचे चार आठवडे तेल मुळांना लावू नये. कानांखालच्या लांबीला, धुण्याआधी तासभर लावले तर चालेल.

लिंबाने टाळू चुरचुरते आणि रस राहून ऊन लागले तर त्वचेवर डाग पडू शकतात. खाण्याचा सोडा अल्कधर्मी, टाळू किंचित आम्लधर्मी. सोड्याने केस खरखरीत होतात, बुरशी जात नाही. कोरडा शाम्पू तेल शोषतो, पण ते डोक्यावरच ठेवतो. त्यावर तीन दिवस थर चढले की त्याचाच शिळा वास येतो.

याहून चिंतेची बाब म्हणजे दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेले स्टेरॉइडयुक्त लोशन. त्याने खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून ते आवडते. पण बुरशी त्याने मरत नाही आणि महिनोन्महिने वापरले तर त्वचा पातळ होते. डॉक्टर ते थोड्या दिवसांसाठी देतात, ती गोष्ट वेगळी. औषधी शाम्पूच्या खोक्यावर मात्र ‘पाच मिनिटे ठेवा’ ही सूचना मोठ्या अक्षरांत आणि मराठीत छापायला काय हरकत आहे? घडीपत्रकाच्या बारीक इंग्रजीत ती कोण वाचणार? तोवर विक्रेत्याने बाटली देताना ते एक वाक्य तोंडाने सांगितले तरी पुष्कळांचे पैसे वाचतील.

चार आठवडे नीट करूनही फरक नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. जाड, चंदेरी खवले सोरायसिसचे असू शकतात. लहान मुलाच्या डोक्यावर केस तुटलेले चट्टे, पू किंवा मानेत गाठी असतील तर तो गजकर्णाचाच एक प्रकार असू शकतो. त्यावर शाम्पू पुरत नाही, काही आठवडे पोटात औषध घ्यावे लागते आणि उशीर झाला तर तिथले केस कायमचे जाऊ शकतात.

काहींच्या बाबतीत मात्र कापसालाही वास नसतो आणि अभ्र्यालाही नसतो. घरातले, मैत्रिणी, डॉक्टर, कोणालाच तो येत नाही. त्या व्यक्तीला मात्र तो सतत येतो, डब्यात शेजारचा नाकाला रुमाल लावतो तो आपल्यामुळेच असे वाटते आणि बाहेर पडणे कमी होत जाते. नाकाला स्वतःच्या वासाची सवय होते, त्यामुळे एका विश्वासू माणसाला विचारणे हीच खरी कसोटी. त्याने ‘नाही’ म्हटल्यावरही खात्री पटत नसेल, तर हा मनाच्या आजाराचा ओळखीचा प्रकार असू शकतो आणि त्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार आहेत.