मुंग्या येतात की मुंग्या चालतात?

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी दोनदा पेस्ट कंट्रोल झालं. एकदा ढेकणांसाठी, एकदा मुंग्यांसाठी. गंमत म्हणजे घरात ना ढेकूण होता, ना मुंगी. होती ती फक्त माझी आई. वय वर्षं ४७, रात्री अडीच वाजता दिवा लावून चादर झटकणारी.

'अगं, पाठीवर काहीतरी चालतंय. मुंग्याच आहेत बघ.' मी अर्धवट झोपेत मोबाईलचा टॉर्च मारायचे. पाठ एकदम स्वच्छ. ना पुरळ, ना गांधी, ना लाली. मला सकाळी नऊ-बाराची लोकल पकडायची असायची. मग मी म्हणायचे, 'आई, मनाचे खेळ आहेत. झोप आता.' हे वाक्य मी किमान दहा वेळा म्हटलंय. आज ते आठवलं की कसंतरीच होतं.

गादी गच्चीवर उन्हात टाकून झाली. साबण बदलला, कपड्यांची पावडर बदलली. एका स्किनच्या डॉक्टरांनी मलम दिलं, पण पुरळच नाही तर मलम लावायचं कुठे? शेवटी 'टेन्शन घेऊ नका' असा सल्ला घेऊन आई परत आली आणि त्या रात्रीपासून तिने खाजवल्याचं सांगणंच बंद केलं. एकदा ती बाथरूमच्या दाराला धरून उभी दिसली, डोळे मिटून. 'काही नाही गं, जरा चक्कर.' मग मात्र मी एक दिवस रजा टाकली आणि तिला एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेले.

त्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तोच मला आवडला. 'मुंग्या येतात की मुंग्या चालतात?'

आईचा चेहरा एकदम उजळला. कुणीतरी नीट विचारलं होतं! 'दोन्ही,' ती म्हणाली. 'हाताला येतात, पाठीवर चालतात.' बाई म्हणाल्या, 'बरोब्बर. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.' हात बधिर होऊन झिणझिण्या येणं वेगळं आणि कातडीवर सहा पायांचं काहीतरी सरपटतंय असं वाटणं वेगळं. दुसऱ्याला डॉक्टरी भाषेत 'फॉर्मिकेशन' म्हणतात. लॅटिनमध्ये 'फॉर्मिका' म्हणजे मुंगी. म्हणजे रोमन लोकांना आणि माझ्या आईला एकच उपमा सुचली होती. आणि हे काही नवीन खूळ नाही. रजोनिवृत्तीचा त्रास मोजण्यासाठी १९५३ मध्ये कुपरमन नावाच्या डॉक्टरांनी अकरा लक्षणांची यादी केली. त्यात हॉट फ्लशेसच्या जोडीला झिणझिण्या, चक्कर आणि या चालणाऱ्या मुंग्या, तिन्ही होत्या. पुढे सगळी चर्चा हॉट फ्लशेसवर गेली आणि मुंग्या मागे पडल्या, इतकंच.

व्होल्टेजचा खेळ

'पण माझी पाळी तर चालू आहे,' आई म्हणाली. उलट जास्तच चालू होती, दर वीस-बावीस दिवसांनी आणि भरपूर. बाई म्हणाल्या, हाच तर तो काळ. सलग बारा महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला असं म्हणतात. त्याच्या आधीची काही वर्षं म्हणजे पेरिमेनोपॉज. भारतीय बायकांना तो चाळिशीत गाठतो, काहींना त्याच्या थोडा आधीही.

मला वाटायचं, या वयात इस्ट्रोजेन हळूहळू कमी होत जातं, मोबाईलच्या बॅटरीसारखं. तसं नसतं. ओव्हरीमधली बीजं संपत आलेली असतात, म्हणून मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी आणखी जोरात हुकूम सोडते. एखाद्या महिन्यात ओव्हरी दचकून जागी होते आणि इस्ट्रोजेन तरुणपणीपेक्षाही वर जातं. पुढच्या महिन्यात काहीच प्रतिसाद नाही आणि ते धाडकन खाली. हे लोडशेडिंग नाही, व्होल्टेज वरखाली होणं आहे. फ्रीज जळतो तो लाईट गेल्याने नाही, या फ्लक्चुएशनने!

म्हणूनच आईने आधी बाहेरून करून आणलेला इस्ट्रोजेनचा रिपोर्ट 'नॉर्मल' होता. एका सकाळचं मीटर रीडिंग ते. पंचेचाळिशीनंतर पाळीचा पॅटर्न आणि लक्षणं पाहूनच निदान होतं. हॉर्मोनची तपासणी सहसा लागतच नाही.

आता याचा कातडीशी संबंध काय? कातडीच्या पेशींना, तेलग्रंथींना इस्ट्रोजेनचा निरोप घेणारी केंद्रं असतात. हा निरोप नीट मिळत असला की कातडी तेल आणि पाणी धरून ठेवते, कोलॅजेन बनवते. निरोप तुटक झाला की वरचा थर कोरडा पडतो, त्याला बारीक फटी पडतात आणि त्याखालच्या खाजेच्या सूक्ष्म नसा उघड्यावर येतात. मग चादरीची घडीसुद्धा त्यांना टोचते. बाहेरून काही दिसत नाही, कारण बिघाड रंगात नाही, तारेत आहे. नसांनाही इस्ट्रोजेनची सवय असते. ते खाली घसरलं की त्या कारण नसताना सिग्नल सोडतात आणि मेंदू त्याचा अर्थ लावतो, 'मुंगी'. कोरडेपणाची बाजू विज्ञानाला चांगली कळलीय. नसांच्या बाजूवर मात्र संशोधन अजून चालू आहे, हेही बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं.

गरगरतं की अंधारी येते?

चक्करेबद्दलही तसाच प्रश्न आला. आपल्या मराठीत यासाठी किती शब्द आहेत बघा! खोली गोल फिरते ते गरगरणं. कुशीवर वळताना गरगरून मिनिटभरात थांबत असेल, तर बहुधा कानातले बारीक खडे जागचे हललेले असतात. ते डॉक्टर मान विशिष्ट पद्धतीने फिरवून जागेवर आणतात. उठल्याबरोबर डोळ्यांपुढे काळोख होतो ती अंधारी. तिथे ब्लडप्रेशर आणि रक्त बघायचं. 'चक्कर येते' एवढंच सांगितलं तर डॉक्टरांना काहीच कळत नाही.

आईला अंधारी यायची. मग रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.६, खरं तर १२ च्या पुढे हवं. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन फक्त ९. थायरॉइड, साखर, लिव्हर, बी १२ सगळं ठीक. या तपासण्या उगाच नव्हत्या. थायरॉइड, लिव्हर किंवा किडनीच्या बिघाडातही पुरळाशिवाय खाज येते, आणि बी १२ कमी झालं की झिणझिण्या येतात. शाकाहारी घरांत तर हे सर्रास. खरुज नाही ना, हेही बोटांच्या बेचक्या बघून आणि 'घरात आणखी कुणाला खाजतं का?' असं विचारून पाहिलं. हाताच्या मुंग्या फक्त अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांत असतील तर मनगटात नस दबलेली असू शकते. आईच्या तशा नव्हत्या. दोन्ही हातांत यायच्या, गरम वाफेसारखी लाट आली की तिच्याबरोबर, आणि लाटेबरोबरच जायच्या.

लोह इतकं का घसरलं? त्याचंही मूळ त्याच व्होल्टेजमध्ये. ज्या महिन्यात बीज बाहेर पडत नाही त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन बनत नाही. गर्भाशयाचं अस्तर इस्ट्रोजेनच्या जोरावर वाढतच जातं आणि मग एकदम भरपूर रक्तस्राव होतो. असं दोन-चारदा झालं की लोहाचा साठा तळाला. आणि लोह कमी असलं तरी खाज येते, बरं का! म्हणजे 'हॉर्मोन्स आहेत, सहन करा' म्हणून सोडून दिलं असतं तर हे सापडलंच नसतं. या वयात जास्त रक्तस्राव असेल तर सोनोग्राफी करतातच. आईचीही केली. ती स्वच्छ आली.

कॅलेंडरवरच्या फुल्या

बाईंनी आईला एक काम दिलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे दुधाचे खाडे लिहितो तिथेच, मुंग्यांच्या रात्री फुली, अंधारी आली की गोल, पाळीला रेघ. तीन महिन्यांनी चित्र स्पष्ट दिसलं. बहुतेक फुल्या पाळीच्या आधीच्या तीन-चार दिवसांत दाटलेल्या. म्हणजे इस्ट्रोजेन खाली उतरतं त्याच दिवसांत. आई ते कॅलेंडर पर्समध्ये घालून डॉक्टरांकडे घेऊन गेली, प्रेझेंटेशनला निघाल्यासारखी.

उपाय साधे होते. लोहाच्या गोळ्या, चहापासून लांब ठेवून. कढत पाण्याची अंघोळ बंद, कोमट पाणी आणि तीही पाच-सात मिनिटांत. घासणी बंद. अंग ओलसर असतानाच बिनवासाचं घट्ट मॉइश्चरायझर. रात्री कॉटनचा गाऊन. झोपेची गुंगी आणणारी खाजेची गोळी टाळली, कारण ती घेऊन रात्री उठलं तर चक्कर वाढते. हॉर्मोन थेरपीचंही बोलणं झालं. ती मुख्यतः गरम लाटा आणि घामासाठी देतात. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन द्यावंच लागतं. ब्रेस्ट कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेल्या असतील तर सहसा देत नाहीत. आईने तूर्त नको म्हटलं.

दोन महिन्यांत अंधारी थांबली. खाज बरीच उतरली. मुंग्या अजून येतात, पण महिन्यातून दोन-तीन रात्री. आई आता चादर झटकत नाही. मॉइश्चरायझर लावते आणि कुशीवर वळते. यातलं किती लोहाने गेलं आणि किती मॉइश्चरायझरने, हे वेगळं काढता येत नाही. तिला त्याची पर्वाही नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. एकाच बाजूचा हातपाय बधिर, तोंड वाकडं, बोलणं जड, असं झालं तर कॅलेंडर काढत बसू नका, थेट हॉस्पिटल. डोळे पिवळे, वजन घटतंय, शुद्ध हरपतेय, तेव्हाही ताबडतोब डॉक्टर.

तुमच्या घरात किंवा ऑफिसात चाळिशी-पन्नाशीची कुणी 'अंगावर काहीतरी चालतंय' म्हणाली, तर माझ्यासारखं 'मनाचे खेळ' म्हणू नका. आधी विचारा, मुंग्या येतात की चालतात? आणि पाळी कशी आहे?

परवा पेस्ट कंट्रोलवाल्याचा फोन आला होता, वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टसाठी. आईच बोलली. म्हणाली, 'नको हो दादा. आमच्या मुंग्यांचं आम्हीच बघतोय.'